एकच कल्पना, तीन हुक : ट्रायल रील काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इन्स्टाग्रामने डिसेंबर 2024 मध्ये ट्रायल रीलची सोय आणली. अशी रील आधी फक्त फॉलोअर्स नसलेल्या लोकांना दाखवली जाते आणि साधारण 24 तासांत तिचे सुरुवातीचे आकडे दिसू लागतात. मी ही सोय गेले काही महिने एकाच कामासाठी वापरतोय. व्हिडिओचा गाभा तसाच ठेवायचा, सुरुवातीचे तीन सेकंद, म्हणजे प्रेक्षकाला थांबवणारा हुक, बदलायचे आणि लोक कुठपर्यंत थांबतात ते पाहायचं. या कामासाठी ती मला फार उपयोगी पडली. पण त्यासाठी आकडे कसे वाचायचे हे आधी ठरवावं लागतं, कारण समोर सर्वांत ठळक दिसतात ते व्ह्यूज, आणि हुकचा निवाडा त्यांच्यावर करता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. विषय होता, बुटाची लेस सारखी का सुटते. पहिली आडवी गाठ आणि वरचा फासा, दोन्ही एकाच दिशेने फिरवले की ती ग्रॅनी नॉट होते. तिचा फासा बुटावर आडवा न बसता लांबीच्या दिशेने वळतो आणि चालताना सैल पडत जातो. पहिल्या गाठीची दिशा उलटी केली की तीच रीफ नॉट होते, फासा आडवा बसतो आणि घट्ट राहतो. हा उलगडा व्हिडिओत विसाव्या सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे प्रेक्षक ज्यासाठी थांबलाय तो क्षण विसावा सेकंद, आणि माझं मोजमाप तिथपर्यंतचं.

हुक तीन केले. पहिला प्रश्नाचा: ‘तुमच्या बुटाची लेस सारखी सुटते का?’ दुसऱ्यात शब्द नाहीत. दोन बूट शेजारी, दोन्ही सारखेच झटकले, एकाची लेस सुटली, दुसऱ्याची तशीच राहिली. तिसरा थेट दावा: ‘तुम्ही लेस चुकीच्या बाजूने बांधताय.’ तिन्ही बरोबर तीन सेकंदांचे. लांबी सारखी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. एक हुक दोन सेकंदांचा आणि दुसरा पाचचा असेल, तर कोणत्या सेकंदाला किती लोक उरले हे दाखवणाऱ्या ग्राफवर पुढचा गाभा सरकतो आणि दहाव्या सेकंदाला दोन्हीकडे वेगळीच वाक्यं चालू असतात. मग सरासरी पाहण्याचा वेळ कशामुळे बदलला, हे सांगता येत नाही. संगीत, कॅप्शन, कव्हर आणि शेवटचा कटही तोच ठेवला. शेवटचा कट यासाठी की व्हिडिओ सुरुवातीला सहज जोडला गेला तर लोक नकळत पुन्हा पाहतात आणि सरासरी फुगते.

आता निकाल, ढोबळ आकड्यांत. शंभर जणांनी सुरुवात केली असं धरलं, तर तिसऱ्या सेकंदाला प्रश्नाच्या हुकवर सुमारे 55 उरले, बूट झटकण्याच्या हुकवर 65 आणि दाव्याच्या हुकवर 75. इथेच थांबलं तर दावा जिंकला. पण विसाव्या सेकंदाला प्रश्नाकडे 30 उरले होते, झटक्याकडे 45 आणि दाव्याकडे 35. म्हणजे दाव्याने आत आणलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक उलगड्याआधीच निघून गेले, तर झटक्याने आणलेल्यांपैकी दोनतृतीयांशाहून जास्त टिकले.

कारण ग्राफ पाहिला की कळतं. दाव्याच्या हुकची रेषा चौथ्या ते आठव्या सेकंदात कड्यावरून पडावी तशी घसरली होती. त्या वेळी पडद्यावर मी दोरीवर गाठींचे दोन प्रकार दाखवत होतो. ‘तुम्ही चुकीचं बांधताय’ असं ऐकलेल्या माणसाला स्वतःचा बूट तपासायचा असतो. दोरी बघायला तो थांबत नाही. झटका पाहिलेल्याच्या मनात मात्र ‘हे असं का झालं?’ हा प्रश्न आधीच असतो, म्हणून त्याला तीच दोरी उत्तरासारखी वाटते. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. घसरण हुकच्या आत झाली तर हुक कमजोर. घसरण जोडावर किंवा त्याच्या लगेच पुढे झाली तर हुकने दिलेलं वचन आणि गाभा यांची दिशा वेगळी आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मी पुढे दाव्याचं वाक्य ठेवून ‘फासा आडवा आहे की उभा, आत्ता बघा’ हा भाग दोरीच्या आधी आणला आणि चौथ्या ते आठव्या सेकंदातला तो कडा बराच सपाट झाला. अर्थात गाभा बदलल्यामुळे ती आवृत्ती जुन्या तिघांच्या रांगेत बसत नाही. तिची तुलना नव्या गाभ्यावर बसवलेल्या झटक्याशीच करायला हवी.

आता आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा. दोनशे लोकांपैकी साठ टक्के थांबले असतील, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा सातेक टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो. दोन हजारांवर हीच हेलकाव्याची रुंदी दोनेक टक्क्यांवर येते. त्यामुळे दोनशे व्ह्यूजवर 60 विरुद्ध 66 दिसलं तर मी काहीच ठरवत नाही. याची खात्री करण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि तो प्रत्येकाने एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं. एकच व्हिडिओ, काहीही न बदलता, दोनदा ट्रायलला टाका. त्या दोन ग्राफमध्ये जेवढा फरक दिसेल, तेवढा फरक तुमच्या खात्यावर गोंगाट समजायचा. दोन हुकमधलं अंतर त्याहून स्पष्टपणे मोठं नसेल तर निकाल बरोबरीचा.

तुलना कधी करायची, यालाही महत्त्व आहे. ज्या रीलला सुरुवातीला प्रतिसाद मिळतो ती पुढे आणखी लांबच्या, विषयात कमी रस असलेल्या लोकांपर्यंत जाते आणि तिथे टिकण्याचं प्रमाण उतरतं. चांगला हुक अशा वेळी आठवड्याने वाईट दिसू शकतो. म्हणून तिन्ही आवृत्त्या साधारण सारख्या व्ह्यूजवर असतानाच मी आकडे लिहून ठेवतो. आवृत्त्यांमध्ये एखाद्या दिवसाचं अंतर ठेवतो आणि चांगली चालली तर 72 तासांच्या आत आपोआप सर्वांना दाखवण्याचा पर्याय चाचणीपुरता बंद ठेवतो. तो चालू राहिला तर मध्येच फॉलोअर्स येतात आणि ग्राफ दोन वेगळ्या गर्दींचा होतो.

यूट्यूब शॉर्ट्सवरही मी हेच करून पाहतो. तिथे किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी स्वाइप केलं हे वेगळं दिसतं, त्यामुळे हुकचं पहिलं काम थेट मोजता येतं. मात्र 31 मार्च 2025 पासून तिथे शॉर्ट सुरू होताच व्ह्यू धरला जातो, तेव्हा त्याआधीच्या व्हिडिओंशी व्ह्यूजची तुलना करू नये.

ही चाचणी एक गोष्ट सांगत नाही: जुन्या फॉलोअर्सना काय आवडेल. ट्रायल अनोळखी लोकांवर होते, आणि ज्यांना तुमचा चेहरा, आवाज ओळखीचा आहे ते साध्या प्रश्नालाही थांबतात. दुसरं म्हणजे एका विषयावर जिंकलेला हुक साचा म्हणून सगळीकडे लावता येत नाही. हाताने करायच्या गोष्टींवर निकाल आधी दाखवणारा हुक माझ्याकडे वारंवार वर आला. पण ज्या विषयात डोळ्यांना दिसेल असा निकालच नाही, उदाहरणार्थ पासवर्ड लांब का असावा, तिथे तोच प्रकार मागे पडला आणि नेमका प्रश्न पुढे गेला. म्हणून नवा विषय असेल तर दोन वेगळ्या जातीचे हुक मी अजूनही चाचणीला टाकतोच.