कॅसिओ जी-शॉक जीडब्ल्यू-एम५६१०: अंधारातले घड्याळ झोपले आहे की संपले आहे?

गेले अनेक महिने हे घड्याळ रोज मनगटावर आहे आणि त्याच्या सौर चार्जिंगबद्दल माझे मत चांगले आहे. मात्र त्याची कोरी पडलेली स्क्रीन पाहून ते बिघडले असे समजू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

पॉवर सेव्ह चालू असताना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत घड्याळ सुमारे तासभर अंधारात राहिले, तर फक्त स्क्रीन बंद होते. सहा-सात दिवस सलग अंधारात राहिले, तर आवाज आणि दिवाही बंद होतात, पण आत वेळ मोजणे चालूच असते. कंपनीच्या मते पूर्ण चार्ज केल्यावर उजेडाशिवाय नेहमीच्या वापरात ते सुमारे १० महिने आणि या झोपेत २२ महिने चालते.

माझ्या थोरल्या भावाचे हेच मॉडेल लोखंडी कपाटात बराच काळ पडून होते आणि बाहेर काढले तेव्हा स्क्रीन कोरी होती. झोपलेले घड्याळ उजेडात आणल्यावर किंवा कोणतेही बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत जागे होते. हे झाले नाही, म्हणजे सेल पूर्ण उतरला होता. त्याला खिडकीतल्या उन्हात ठेवल्यावर आधी चार्ज करण्याची सूचना लुकलुकू लागली, नंतर वेळ दिसली, पण सगळ्या सेटिंग्ज मूळच्या झाल्या होत्या, त्यामुळे शहर आणि वेळ पुन्हा लावावी लागली. उन्हातून उचलल्याबरोबर दिसणारी बॅटरीची पातळी खरी मानू नये, कारण ती काही वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. आम्ही ती सावलीत काही मिनिटांनी पाहिली, तेव्हा ती खालीच होती, म्हणून पुढचे अनेक दिवस घड्याळ खिडकीतच ठेवले.

इतके दिवस लागण्याचे कारण उजेडाच्या हिशेबात आहे. एका दिवसाच्या वापराची भरपाई ५०,००० लक्सच्या बाहेरच्या उन्हात ५ मिनिटांत होते, खिडकीतल्या १०,००० लक्सच्या उन्हाला २४ मिनिटे लागतात, ढगाळ दिवशी खिडकीत ४८ मिनिटे आणि ५०० लक्सच्या ट्यूबलाइटखाली तब्बल ८ तास. त्यामुळे पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कार्यालयात बसणाऱ्याने घड्याळ सुट्टीच्या दिवशी खिडकीत ठेवावे. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्रखर बल्बजवळ मात्र मुळीच ठेवू नये, कारण उष्णतेने स्क्रीन काळी पडू शकते.

पुष्कळ ऊन देऊनही पातळी वर टिकत नसेल, तर सेल बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. यात सीटीएल१६१६ हा पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. त्याच आकाराचा साधा सीआर१६१६ नेमका बसतो, पण तो चार्ज करण्यासाठी बनलेला नाही, म्हणून दुरुस्तीच्या दुकानात सेलवरचे नाव स्वतः वाचून घ्यावे.