भिजवू, मोड आणू की आंबवू? भाकरी-उसळीच्या घरासाठी एक तुलना

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चार दिवसांत तिने विचारलं, "ताई, ज्वारीत ते फायटिक ॲसिड असतंय म्हणं. भिजवून, वाळवून दळून आणू का?" आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आठवड्यातून तीनदा मटकी नाहीतर हुलगे. त्यामुळे प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता.

दाणा आपल्या होणाऱ्या रोपासाठी फॉस्फरस साठवून ठेवतो, ती साठवण म्हणजे फायटिक ॲसिड. आपल्या आतड्यात गेल्यावर ते लोह आणि जस्ताला घट्ट धरतं. त्यांचा न विरघळणारा गोळा होतो आणि अंगी न लागता बाहेर पडतो. शिजवून, भाजून ते फारसं मोडत नाही. मोडतं ते फायटेज नावाच्या विकराने, आणि हे विकर दाण्यातच असतं. त्याला ओल लागते, ऊब लागते आणि किंचित आंबटपणा मानवतो. पाणी उकळतं असलं की ते मरतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं या तिन्ही रीती म्हणजे या विकराला कामाला लावणं. फरक आहे तो ते किती जोमाने आणि किती वेळ काम करतं यात.

भिजवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी फळाचं. अख्खी मटकी किंवा हरभरा रात्रभर भिजवला, पाणी ओतून दिलं, तर साधारण दहा ते पंचवीस टक्के उतरतं. त्यातलं काही विकराने मोडतं, काही पाण्यात निघून जातं, म्हणून ते पाणी उसळीत वापरू नये. कोमट पाण्यात जास्त उतरतं. हरभरा लवकर मऊ व्हावा म्हणून आपण चिमूटभर सोडा टाकतो, पण त्याने पाणी आंबटाच्या उलट बाजूला जातं आणि विकर ढिलं पडतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही आड येतं, म्हणून जमलं तर भिजवायला फिल्टरचं पाणी घ्यावं. डाळ वरणाला टाकण्याआधी अर्धा तास भिजवली तर गॅस वाचतो, फायटिक ॲसिडचं काही होत नाही. आणि साल काढलेली डाळ म्हणजे कमी फायटिक ॲसिड असंही नाही. ज्वारी-बाजरीत ते कोंड्यात आणि अंकुरात असतं, कडधान्यात मात्र थेट डाळीच्या गरात.

आता तिचा मूळ प्रश्न. ज्वारी भिजवून, वाळवून दळणं मी दोनदा करून पाहिलं आहे. दाणा आतून दमट राहिला तर गिरणीवाला ओरडतो, आणि आणलेल्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापताना काठाला चिरते. शिवाय ज्वारीत मुळातच हे विकर गव्हापेक्षा बरंच कमी. एवढी खटपट करून हाती पाचवा हिस्सा. मी तिला नको म्हटलं.

मोड आणणं कडधान्याला सगळ्यात चांगलं, कारण अंकुर फुटताना दाणा नवीन विकर तयार करतो. बारा तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवलं की तिसरा हिस्सा ते निम्मं कमी होतं. नुसता पांढरा ठिपका दिसणारी मटकी ही भिजवलेल्या मटकीच्याच जवळची, मोड दाण्याएवढा लांब व्हायला हवा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२ वर जातो तेव्हा बारा तास एकाच पाण्यात ठेवू नये, मध्ये पाणी बदलावं. दाणे बोटांना चिकट लागले, तार आली किंवा आंबूस-कुजका वास आला तर टाकून द्यावं. आणि मोड कच्चे न खाता शिजवूनच खावेत.

ज्वारीला मात्र मोड आणू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडे शेतात कुणाला सांगावं लागत नाही, आणि तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या कोंबातही तयार होतं. मोड काढून, वाळवून, शिजवून ते कमी करता येतं, पण घरच्या घरी ते किती उरलं हे कळायला मार्ग नाही. हौस असेल तर नाचणीला मोड आणा.

राहिलं आंबवणं, म्हणजे ज्वारीसाठी आंबील. येळवसेला लातूर-धाराशिवकडे शेतात भज्जीबरोबर जी लागते तीच. इथे पीठ असल्यामुळे विकराला दाण्यात शिरावं लागत नाही, आणि आंबटपणा आयता मिळतो. चांगलं आंबलं तर निम्मं किंवा त्याहून जास्त कमी होतं. पण क्रम महत्त्वाचा. पीठ आधी शिजवून मग ताक घालणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यात चव मिळते आणि विकर मेलेलं असतं. मी वाटीभर ज्वारीच्या पिठात मोठा चमचाभर गव्हाचं पीठ घालते, कारण गव्हात विकर भरपूर. कोमट पाण्यात कालवून त्यात दोन चमचे ताक विरजणापुरतं. उन्हाळ्यात आठ-दहा तास, थंडीत दिवसभर. वास ताकासारखा आला आणि वर बारीक बुडबुडे दिसले की शिजवायचं. गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर पातेलंच रिकामं करायचं.

मग आंबीलच घ्यावी का? इथे थोडा हिशेब केला तर निर्णय बदलतो. शंभर ग्रॅम ज्वारीत फायटिक ॲसिड साधारण ५५० मिलिग्रॅम, लोह ४ आणि जस्त २ मिलिग्रॅम धरू. वजनाऐवजी रेणू मोजले तर लोहाच्या एका अणूमागे फायटिक ॲसिडचे सुमारे १२ रेणू पडतात, जस्तामागे २७. जस्त बऱ्यापैकी शोषलं जायला हा आकडा १५ च्या खाली लागतो, लोहासाठी १ च्या खाली. म्हणजे आंबवून निम्मं केलं की जस्ताचं साडेतेरावर येतं, काम झालं. लोहाचं १२ वरून ६, म्हणजे अजून लांबच. नव्वद टक्क्यांहून जास्त उतरवलं तरच लोहाला मोकळीक, आणि ते घरात होत नाही.

म्हणून लोह कमी असलेल्या माणसासाठी मी मोड-आंबीलीच्या आधी क जीवनसत्त्व ठेवते. ते त्याच ताटात हवं, आणि शिजवलेलं नको. भाकरीबरोबर अर्ध्या आवळ्याची फोड, नाहीतर जेवताना पिळलेलं लिंबू, नाहीतर पेरू. आवळ्यात ते लिंबापेक्षा कितीतरी पटीने जास्त. दुसरं, जेवणावर लगेच चहा नको, त्यातलं टॅनिनही लोह धरतं. आणि आंबील ताकात भिजवण्याऐवजी ताक विरजणापुरतं घ्यायचं कारणही हेच, कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. लहान लेकरांसाठी, ज्यांना जस्ताची गरज आहे आणि जे पातळच खातात, तिथे मात्र आंबील पहिली.

जावेचं आता असं चाललंय. भाकरी जशी होती तशीच. मटकीला दोन रात्री. आंबील आठवड्यातून दोनदा, कारण तिला ती आवडते. चहा जेवणानंतर दीड तासाने, यावर ती अजून कुरकुर करते. गोळ्या चालू आहेत, तपासणी पुढच्या महिन्यात.