फोटोवरून त्रिकोणी पोर्ट्रेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आजीच्या पंचाहत्तरीसाठी म्हणून सुरू केलं आणि थांबलोच नाही. आतापर्यंत सतरा चेहरे झाले. साधनं फुकटची: पायथन, ओपनसीव्ही आणि सायपायमधलं `Delaunay`. फोटोवर ठिपके टाकायचे, ते त्रिकोणांनी जोडायचे, प्रत्येक त्रिकोणात एकच सपाट रंग भरायचा. पहिलं चित्र एका संध्याकाळीत तयार झालं. ते आजीसारखं दिसायला मात्र दोन महिने गेले.

सुरुवातीची चूक सगळेच करतात, मीही केली. जिथे रंग झपाट्याने बदलतो तिथे जास्त ठिपके, हा नियम लावला. प्रोग्रॅमने इमानेइतबारे सगळे ठिपके नऊवारीच्या काठावर आणि केसांत ओतले, गालावर जेमतेम चार. आता आधी फोटो थोडा धूसर करून घेतो, कडांच्या तीव्रतेचं वर्गमूळ काढतो आणि दोन ठिपक्यांत किमान अंतर ठेवतो. एवढ्याने काठाची हाव बरीच कमी होते.

आणखी एक फजिती. फोटोच्या चार कोपऱ्यांवर आणि कडेने ठिपके टाकायला विसरलो होतो. पिक्सेल कितव्या त्रिकोणात आहे ते सांगणारं `find_simplex` जाळीबाहेरच्या पिक्सेलला `-1` देतं, आणि पायथनमध्ये `-1` म्हणजे यादीतला शेवटचा. त्यामुळे कोणतीही एरर न येता चारही कोपरे कुठल्यातरी त्रिकोणाच्या तपकिरी रंगाने भरले गेले. ते ‘बॅकग्राउंड छान आलंय’ असं समजून मी दोघांना पाठवलंही!

खरा धडा आजीच्या कुंकवाने शिकवला. फोटो 1200 × 1500 पिक्सेलचा, ठिपके 900, त्यातले 60 कडेवर. ठिपक्यांच्या दुपटीतून 2 आणि कडेवरचे ठिपके वजा केले की त्रिकोणांची संख्या मिळते, म्हणजे इथे 1738. एका त्रिकोणाच्या वाट्याला सरासरी हजारेक पिक्सेल आले. कुंकू 40 पिक्सेल व्यासाचं, म्हणजे साधारण साडेबाराशे पिक्सेल. एखाददुसऱ्या त्रिकोणाएवढं. नेमकं त्याच्यावर कोणी बसलं नाही, तीन-चार त्रिकोणांनी ते वाटून घेतलं आणि कपाळावर गुलाबी डाग उमटला. त्रिकोणातल्या रंगांच्या सरासरीऐवजी मध्यक घेऊन पाहिला, तर कुंकू गायबच झालं, कारण प्रत्येक त्रिकोणात कातडीचे पिक्सेल जास्त होते.

रंगाचं गणित बदलून हे सुटत नाही, ठिपकेच योग्य जागी हवेत. आता कुंकवाच्या कडेवर आठ ठिपके हाताने ठेवतो, एकमेकांपासून साधारण 15 पिक्सेलवर. पण तेवढंही पुरत नाही: शेजारचे दोन ठिपके जाळीत एकमेकांना जोडले जातीलच असं नाही. त्या दोघांना व्यास मानून काढलेल्या वर्तुळात तिसरा ठिपका नसेल, तर मात्र ते नक्की जोडले जातात. म्हणून हाताने ठेवलेल्या प्रत्येक ठिपक्याभोवती अंतराच्या 0.71 पट, म्हणजे इथे 11 पिक्सेलांत, आपोआप पडलेले ठिपके काढून टाकतो:

```python
d, _ = cKDTree(hand).query(auto)
pts = np.vstack([hand, auto[d > 11]])
```

कुंकू स्वच्छ अष्टकोनी झालं. हीच युक्ती पापण्या, बुबुळ, ओठांची मधली रेघ आणि हनुवटीला लावली, आणि आजी ओळखू आली. डोळ्यातला चमकदार ठिपका विसरू नका. तो गेला की नजर मेल्यासारखी दिसते. एका चेहऱ्याला हाताचे सत्तर-ऐंशी ठिपके लागतात, पाऊण तास जातो. बटण दाबलं की चेहरा, अशी अपेक्षा असेल तर हे साधन घेऊ नका.

छपाईचं एक सांगायलाच हवं. एसव्हीजी फाइलमध्ये शेजारच्या त्रिकोणांच्या मध्ये केसासारख्या फिकट रेघा दिसतात. कडेचा पिक्सेल दोन्हीकडून अर्धवट रंगतो आणि मागचा कागद डोकावतो. आमच्या छपाईवाल्यांनी त्या रेघांसकट मोठी प्रिंट काढली, पैसे माझेच गेले. प्रत्येक त्रिकोणाला त्याच्याच रंगाची 1 पिक्सेल जाडीची `stroke` दिली की रेघा जातात. `crispEdges` वापरू नका, त्याने कडा करवतीसारख्या होतात.

चष्मा मात्र अजून जमलेला नाही. बारीक फ्रेमच्या दोन्ही कडांना ठिपक्यांची समांतर रांग लागते, फ्रेम 5 पिक्सेलची असेल तर ठिपकेही तितकेच दाट, आणि मग चेहरा सोडून सगळं लक्ष त्या तुकड्यांच्या गर्दीकडे जातं. काकांना दोनदा सांगून पाहिलं, चष्मा काढून फोटो द्या म्हणून. ते म्हणतात, चष्म्याशिवाय मला ओळखणार कोण?