मेक्को चार्ट सात महिने वापरल्यावर: आधी रुंदी, मग उंची

शेतीपंपांच्या बाजाराचा मासिक अहवाल माझ्याकडे असतो. सात महिन्यांपूर्वी विभागवार पाय चार्ट काढून टाकले आणि त्या जागी एकच मेक्को चार्ट घेतला. त्याचं पूर्ण नाव मारिमेक्को. ठळक रंगांच्या छापील कापडांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या कंपनीवरून ते आलं, आणि चार्टकडे पाहिलं की का ते कळतं.

वाचायची रीत अशी. एक खांब म्हणजे एक विभाग. खांबाची रुंदी म्हणजे एकूण बाजारातला त्या विभागाचा वाटा. खांबातले रंगीत तुकडे म्हणजे पंपांचे प्रकार, आणि तुकड्याची उंची म्हणजे त्या विभागातला त्या प्रकाराचा वाटा. सगळे खांब सारख्याच उंचीचे, १०० टक्क्यांचे. त्यामुळे खरा आकार क्षेत्रफळात असतो.

पहिल्या महिन्यात मी इथेच चुकले. समजण्यापुरते गोल आकडे देते. कोकणचा खांब ५ टक्के रुंद, त्यात ओपनवेलचा तुकडा ६० टक्के उंच. पश्चिम महाराष्ट्राचा खांब ४० टक्के रुंद, पण ओपनवेल फक्त २० टक्के. उंची बघून मी बैठकीत सांगून टाकलं की ओपनवेलचा मोठा बाजार कोकणात आहे. गुणाकार केला तर कोकण एकूण बाजाराच्या ३ टक्के आणि पश्चिम महाराष्ट्र ८ टक्के. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर उंचीच्या टक्क्यांऐवजी एकूण बाजारातला वाटा लिहिते. ज्या प्रकारावर चर्चा व्हायची असेल तो सगळ्यांत खाली ठेवते. तळाची रेघ सगळ्या खांबांना एकच असते, मधले तुकडे मात्र वेगवेगळ्या उंचीवर तरंगतात आणि डोळा फसतो.

दुसरी गोष्ट कळायला चार महिने लागले. या चार्टमध्ये वाढ-घट दिसत नाही. समजा गेल्या वर्षी बाजार १०० कोटींचा होता आणि कोकण ५ कोटींचं. यंदा बाजार ८० कोटींवर आला, कोकण ४.८ कोटींवर. विक्री घटली, तरी कोकणचा खांब ५ वरून ६ टक्के रुंद झाला! म्हणून दोन वर्षांचे चार्ट शेजारी ठेवताना डोक्यावर एकूण रक्कम मोठ्या अक्षरात लिहावीच लागते. आणि हे वाटे प्रकारांचे आहेत, आपल्या कंपनीचे नाहीत. आपला हिस्सा दाखवायचा तर प्रत्येक तुकड्यात तो गडद छटेने वेगळा करावा लागतो.

एक्सेलमध्ये हा चार्ट तयार मिळत नाही. मी स्टॅक्ड एरिया चार्ट घेऊन आडवा अक्ष तारखांचा करते आणि रुंदीचे टक्के दिवस म्हणून भरते. खांबांच्या सीमेवरचा दिवस दोनदा भरायचा, एकदा डाव्या खांबाच्या आकड्यांसह आणि एकदा उजव्या. खांबांच्या भिंती तिरक्या आल्या, तर अक्ष अजून मजकुराचाच आहे असं समजा.

पाच-सहा विभाग आणि चार प्रकार इथपर्यंत चार्ट छान वाचता येतो. बारा विभाग टाकून पाहिले, तेव्हा अरुंद खांबांत आकडेच मावेनात. आता बारके विभाग ‘इतर’मध्ये घालते आणि त्यांचा साधा तक्ता खाली जोडते.