स्क्रीनवर १८,४०० यूएसडीटी, हातात आले १००: पाच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

या क्रिप्टो ट्रेडिंग प्लॅटफॉर्मचं नाव देत नाही. अशा साइट नाव आणि पत्ता सहज बदलतात, कामाची पद्धत मात्र तीच राहते, आणि ती ओळखता येणं जास्त उपयोगाचं आहे. मी तीन टप्प्यांत पैसे भरले: ५००, मग १,५००, मग ३,०००, म्हणजे एकूण ५,००० यूएसडीटी. यूएसडीटी हे साधारण एका डॉलरइतका भाव राखणारं क्रिप्टो चलन आहे. पाचव्या महिन्यात खात्यावर १८,४०० दिसत होते.

पहिले ५०० भरल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी १०० काढून पाहिले होते. वीस मिनिटांत ते माझ्या वॉलेटमध्ये आले आणि माझी शंका मिटली. पुढचे साडेचार हजार मी त्या एका व्यवहाराच्या भरवशावर भरले. आता लक्षात येतं की तेव्हा माझेच ५०० त्यांच्याकडे पडून होते आणि त्यातलेच १०० त्यांनी मला दिले. खरी चाचणी करायची तर पुढचा पैसा भरण्याआधी सगळी मुद्दल एकदम काढायला हवी होती. ती परत आली असती तरी नफा मिळेल याची खात्री नव्हतीच, पण निदान माझे पैसे माझ्याकडे राहिले असते.

पाचव्या महिन्यात मी फक्त मुद्दल, म्हणजे ५,००० मागितले. तीन दिवस ‘तपासणी सुरू आहे’ असं दिसत राहिलं. मग सपोर्टचा मेसेज आला: १३,४०० नफ्यावर २० टक्के कर, म्हणजे २,६८० यूएसडीटी, आधी भरा, मग पैसे सुटतील. मी म्हटलं, एवढी शिल्लक आहे, त्यातूनच कापून घ्या. उत्तर आलं, “खातं गोठवलेलं आहे, त्यातून कापता येत नाही.”

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. खरं एक्सचेंज विथड्रॉवलची फी तुमच्या शिलकीतून घेतं. एखाद्या देशाच्या नियमाने कर कापायचा असला तर तोही शिलकीतूनच कापतं, नाहीतर तुम्ही तो थेट सरकारकडे भरता. स्वतःचेच पैसे सोडवण्यासाठी बाहेरून नवे पैसे मागितले, तर स्क्रीनवरचा आकडा हा फक्त आकडा आहे, त्यामागे पैसे नाहीत. कराऐवजी ‘पडताळणी ठेव’ किंवा ‘व्हीआयपी लेव्हल’ असं काहीही नाव दिलं तरी मागणी तीच. एक भरलं की दुसरं निघतं.

त्यानंतर मी जे केलं ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. मी यूएसडीटी ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवरून पाठवले होते. त्यावरचे व्यवहार tronscan.org या साइटवर कुणालाही पाहता येतात, म्हणून ट्रान्झॅक्शन आयडी घेऊन तिथे प्रत्येक व्यवहार शोधला. माझे ५०० दहा मिनिटांत दुसऱ्या एका वॉलेटमध्ये गेले होते. एवढ्यावरून फसवणूक म्हणता येत नाही, कारण खरी एक्सचेंजही ग्राहकांच्या ठेवी अशाच एका मोठ्या वॉलेटमध्ये गोळा करतात. फरक त्या वॉलेटमधून पैसे कसे बाहेर जातात त्यात दिसतो. खऱ्या एक्सचेंजच्या वॉलेटमधून दिवसभर वेगवेगळ्या वॉलेटच्या पत्त्यांवर लहानमोठ्या रकमा जात असतात, आणि मोठ्या एक्सचेंजच्या वॉलेटला तिथे बहुधा नावाचं लेबल असतं. इथे लेबल नव्हतं. कितीतरी पत्त्यांवरून पैसे आत येत होते आणि मोठ्या रकमांनी फक्त दोन पत्त्यांवर जात होते. माझ्या १०० यूएसडीटीसारखे परत गेलेले व्यवहार अगदी मोजके, आणि तेही छोटेच. माझ्या नावावर दिसणारे १३,४०० ब्लॉकचेनवर कुठेच नव्हते.

चार्टही तपासला. एरवी त्यांचा बिटकॉइनचा भाव बाकीच्या ठिकाणांशी जुळायचा. त्यांच्या चॅट ग्रुपवर ट्रेड करायचा ‘सिग्नल’ यायचा त्या मिनिटांना मात्र त्यांची कँडल, म्हणजे चार्टवरची भावाची पट्टी, एकदम उंच जायची, पण दोन मोठ्या एक्सचेंजवर त्याच वेळी तशी हालचालच नव्हती. नेमक्या त्याच मिनिटांत माझा नफा वाढलेला होता. एका मिनिटाचा चार्ट लावून वेळ जुळवून पाहिलं की हे पाच मिनिटांत कळतं. फक्त वेळेचा झोन दोन्हीकडे सारखा ठेवा, नाहीतर खऱ्या चार्टमध्येही फरक दिसेल.

२,६८० मी भरले नाहीत. सगळे ट्रान्झॅक्शन आयडी, पत्ते आणि चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पुढे एका पत्त्यावरून पैसे एका लेबल असलेल्या एक्सचेंजमध्ये गेलेले दिसले, म्हणून त्या एक्सचेंजलाही कळवलं. चेनवरचा व्यवहार उलटा फिरवता येत नाही. ते पैसे अजून त्या एक्सचेंजमध्ये असतील आणि पोलिसांकडून विनंती गेली, तर ते गोठवले जाऊ शकतात.

आठवड्याभरात एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. तुमचे ४,९०० परत मिळवून देतो म्हणाला, आणि त्यासाठी आगाऊ ४०० यूएसडीटी मागितले. किती गेले हा नेमका आकडा त्याला आधीच माहीत होता. मी तोही मेसेज तक्रारीला जोडला.