पत्ते अडवायचे की वाहतूक वळवायची? डीडॉसच्या पुरासमोरचे दोन उपाय

समजा, सर्व्हरची लाइन 1 गिगाबिटची आहे आणि डीडॉसचा, म्हणजे अनेक यंत्रांवरून एकाच वेळी सोडलेल्या नको त्या वाहतुकीचा, पूर आला 5 गिगाबिटचा. फायरवॉलने नको असलेलं प्रत्येक पॅकेट बिनचूक टाकून दिलं, तरी साइट बंदच राहील. फायरवॉलपाशी येईपर्यंत त्या पॅकेटने लाइन वापरलेली असते. कोंडी होते ती त्याच्याही आधी, प्रोव्हायडरच्या राउटरवर, आणि तिथे खऱ्या ग्राहकांची पॅकेट्सही गळतात.

म्हणून आधी लाइन तपासा. येणारी वाहतूक लाइनच्या कमाल वेगाला टेकली असेल, आणि खालच्या कमांडमध्ये ड्रॉपचे आकडे वाढत असूनही साइट उघडत नसेल, तर आणखी आयपी पत्ते अडवून काही साधणार नाही.

```
iptables -L INPUT -v -n
```

उलट लाइन अर्धी रिकामी आणि वेब सर्व्हर मात्र धापा टाकतोय, हल्लेखोरही काही शेच, अशा वेळी पत्ते अडवणं पुरतं, शिवाय स्वस्त पडतं. फक्त हजारो सुटे नियम लिहू नका, ते एकामागून एक तपासले जातात. सगळे पत्ते एकाच यादीत ठेवणारं `ipset` वापरा, त्याच्या यादीची मर्यादा मुळात 65536 नोंदींची असते, हवी तर वाढवता येते. मोबाइल कंपन्यांच्या एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक असतात, तेही यात अडकतात. आणि यूडीपीच्या पुरात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो. आंधळेपणाने अडवलात तर हल्लेखोर तुमच्याच हातून तुमचे ग्राहक बंद करवेल.

28 फेब्रुवारी 2018 रोजी गिटहबवर आलेला पूर 1.35 टेराबिटपर्यंत गेला. इंटरनेटवर उघडे राहिलेले मेमकॅश्ड, म्हणजे डेटा मेमरीत साठवणारे, सर्व्हर छोट्या मागणीला प्रचंड उत्तर देत होते, आणि मागणीवर पत्ता गिटहबचा घातलेला होता. स्रोत हजारो, पण सगळ्यांचा सोर्स पोर्ट एकच: 11211. म्हणजे ओळखायला एक नियम पुरे होता. तो लावायला पुराहून रुंद जागा मात्र हवी होती. गिटहबने बीजीपीतून, म्हणजे नेटवर्क एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमधून, आपल्या मार्गाच्या घोषणा इतर प्रोव्हायडरांकडून काढून घेतल्या आणि सगळी वाहतूक असे पूर गाळणाऱ्या अकामाई कंपनीकडे वळवली. 17:21 ते 17:26 यूटीसी साइट बंद होती, पुढे 17:30 पर्यंत अडखळत होती.

स्क्रबिंग म्हणजे हेच: अनेक ठिकाणच्या मोठ्या केंद्रांत पूर विभागून घ्यायचा, तिथेच गाळायचा आणि स्वच्छ वाहतूक बोगद्यातून तुमच्याकडे पाठवायची. बीजीपीने वळवायचं तर सहसा निदान /24 एवढा, म्हणजे 256 पत्त्यांचा, गट लागतो. तो नसेल तर डीएनएसमार्गे प्रॉक्सी घ्या, पण मग मूळ सर्व्हरचा पत्ता बदला; जुना पत्ता माहीत असलेला हल्लेखोर थेट त्यावरच येतो.

एक बारीक अडचण हमखास येते. स्वच्छ वाहतूक आणणारा जीआरई बोगदा प्रत्येक पॅकेटमागे 24 बाइट खातो, त्यामुळे 1500 च्या जागी 1476 उरतात. राउटरवर एमएसएस, म्हणजे एका टीसीपी पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, 1436 केला नाही, तर साइट उघडते पण फाइल अपलोड मध्येच लटकते, कारण बहुधा बोगद्यातून फक्त येणारी वाहतूक जाते, उत्तरं थेट निघतात.

हल्ला क्वचितच येत असेल तर गरजेपुरतं वळवण्याची सेवा घ्या. मात्र वळण लागेपर्यंतची काही मिनिटं साइट बंद राहील हे धरून चला. पेमेंटसारखं काम असेल तर कायम चालू असलेलीच घ्या. लॉगिनच्या पानावर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या एचटीटीपीएस मागण्यांचा मारा असेल, तर पॅकेट गाळणाऱ्या केंद्राला आतलं काही दिसत नाही. तिथे सर्टिफिकेट हाताळणारी प्रॉक्सीच लागते.