मूळ वेतन ५० टक्के की ३० टक्के?

सातपूरच्या एका सहकाऱ्यापुढे दरमहा ६०,००० रुपयांच्या दोन वेतनरचना आहेत: पहिलीत मूळ वेतन ३०,०००, दुसरीत १८,०००. भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला, तर १२ टक्क्यांनी पहिलीत ३,६०० आणि दुसरीत २,१६० रुपये जमा होतात. हाती १,४४० रुपये जास्त येतात खरे, पण मालकाचा हिस्साही तेवढाच घटतो. तो भत्त्यात मिळणार का, हे नेमणूकपत्रात पाहावेच. कपात १५,००० च्या मर्यादेवर असेल, तर दोन्हींत १,८००च.

दहा वर्षांची ग्रॅच्युइटी केवळ मूळ वेतनावर (वेतन × १५ ÷ २६ × वर्षे) मोजल्यास १,७३,०७७ ऐवजी १,०३,८४६ रुपये होते. मात्र नोव्हेंबर २०२५ पासून लागू सामाजिक सुरक्षा संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरायचा असल्याने ही घट मान्य करू नये.

घरकर्जाचा हप्ता जड जाणाऱ्याला दुसरी रचना सोयीची, स्वतःहून बचत न होणाऱ्याला पहिलीच.